मागचं आभाळ तसंच ठेवून फक्त चेहरा उजळवताना

ठाण्यात उपवन तलावाच्या काठावर संध्याकाळी फोटो काढायचा म्हटलं की एक अडचण ठरलेली असते. येऊरचे डोंगर तलावाच्या पश्चिमेला आहेत, त्यामुळे सूर्य त्यांच्यामागे उतरतो. माणूस डोंगराकडे पाठ करून उभा राहिला की मागे केशरी आभाळ, खाली पाण्यात त्याचंच प्रतिबिंब आणि मधोमध काळवंडलेला चेहरा. फोनचा कॅमेरा त्या उजळ आभाळाचा हिशोब धरून उजेड मोजतो आणि चेहऱ्याच्या वाट्याला अंधार येतो.

गेल्या जानेवारीत मी आईचा असाच एक फोटो काढला. बाटलीच्या रंगाची नारायणपेठी, सोनेरी काड्यांचा चष्मा, एक हात कठड्यावर. चेहऱ्यावरचं हसू इतकं छान होतं की फोटो टाकून द्यावासा वाटेना. घरी येऊन मी आधी अख्ख्या फोटोचा ब्राइटनेस वाढवला. चेहरा दिसू लागला, पण आभाळ फिकट पिवळं झालं आणि डोंगराची कड धुरकटली. मग फक्त चेहरा उजळवला, पण तोही भरपूर. आईने फोन हातात घेतला आणि म्हणाली, "अगं, ही मी नाही. ही कुणीतरी गोरी बाई आहे." तिचं म्हणणं अगदी बरोबर होतं. तो फोटो मी पहिल्यापासून पुन्हा केला, आणि तसा तो कसा केला तेच इथे सांगते.

वापरलेलं अ‍ॅप स्नॅपसीड. ते फुकट आहे, आणि त्यात केलेला बदल नंतर कुंचल्याने हव्या त्या भागापुरता ठेवता येतो. मी अँड्रॉइडवरच्या ज्या मांडणीत काम केलं तिच्यावरून बटणांची नावं देते आहे. आयफोनवर 2025 मध्ये नवी आवृत्ती आली तेव्हा मांडणी बदलली, त्यामुळे तिथे बटणं दुसरीकडे सापडतील. कामाची पद्धत मात्र तीच राहते.

आधी फोटो वाचण्यासारखा आहे का ते पाहा

कुंचला घेऊन बसण्याआधी एक मिनिट या तपासणीला द्या, नाहीतर अर्धा तास वाया जातो. फोटो स्नॅपसीडमध्ये उघडा, खालच्या TOOLS वर टॅप करा आणि Tune Image घ्या. फोटोवर बोट वर-खाली सरकवलं की Brightness, Contrast, Shadows, Warmth अशी यादी येते, आणि डावी-उजवीकडे सरकवलं की त्या गोष्टीचं प्रमाण बदलतं. Brightness थेट +100 वर न्या आणि दोन बोटांनी चेहरा मोठा करून पाहा.

पापण्या, डोळ्यातलं बुबुळ, ओठांची कड वेगवेगळी दिसत असेल तर फोटो वाचेल. त्याऐवजी चेहऱ्यावर लाल-हिरव्या-जांभळ्या रंगाचे कण दिसत असतील आणि डोळ्यांच्या जागी नुसते दोन डाग असतील, तर तिथे माहितीच नाही. फोनच्या साध्या जेपीईजी फोटोत प्रत्येक रंगाला काळ्यापासून पूर्ण उजेडापर्यंत 256 पायऱ्या असतात. चेहरा फार अंधारात गेला की तो त्यातल्या तळाच्या मोजक्या पायऱ्यांवर दाटीने बसतो. उजळवताना आपण त्याच थोड्या पायऱ्या ताणून लांब करतो. मधल्या नव्या पायऱ्या कुठून येणार? म्हणून कण दिसतात आणि गालावर पट्टे पडतात. अशा फोटोत चेहरा शोधत बसू नका, तो छायाकृती म्हणूनच ठेवा. केशरी आभाळापुढे काळी आकृती ही बऱ्याचदा जास्त सुंदर दिसते.

आईच्या फोटोत पापण्या दिसत होत्या. खालच्या फुलीवर टॅप करून तो +100 चा बदल रद्द केला आणि खऱ्या कामाला लागले.

त्याआधी स्क्रीनकडे लक्ष द्या. रात्री डोळ्यांना त्रास होऊ नये म्हणून स्क्रीन पिवळसर करण्याची सोय अनेकांच्या फोनवर कायम चालू असते. ती बंद करा, नाहीतर कातडीच्या रंगाचा अंदाज हमखास चुकतो. स्क्रीनचा उजेड निम्म्यावर ठेवा आणि तो आपोआप कमी-जास्त होणार नाही असं करा. पूर्ण उजेडात केलेला फोटो दुसऱ्याच्या फोनवर काळपट दिसतो, अगदी मंद उजेडात केलेला भडक दिसतो.

मुद्दाम जास्त उजळवून सुरुवात करा

आता पुन्हा Tune Image उघडा. या वेळी Brightness +70 ठेवा. हा आकडा शेवटचा नाही. तो मुद्दाम जास्त ठेवायचा, कारण थोड्या वेळाने कुंचला फिरवताना तो नेमका कुठे लागला आणि कुठे राहिला हे डोळ्यांना स्पष्ट कळायला हवं. +25 वर रंगवायला बसलात तर कानाची पाळी सुटली आहे किंवा आभाळावर थोडा कुंचला गेला आहे हे दिसतच नाही. ते दिसतं नंतर, फोटो सगळ्यांना पाठवून झाल्यावर. बाकीचं काहीही आत्ता हलवू नका आणि बरोबरच्या खुणेवर टॅप करा. अख्खा फोटो वाईट दिसेल, दिसू द्या.

वरच्या पट्टीत थरांसारखं एक चिन्ह आहे. त्यावर टॅप करून View edits निवडा. आतापर्यंत केलेल्या बदलांची यादी उघडते. तळाला मूळ फोटो, त्यावर Tune Image. त्या Tune Image वर टॅप केलं की बाजूला बाण येतो, आणि बाणातून तीन चिन्हं बाहेर येतात: कचऱ्याची टोपली, कुंचला आणि सरकपट्ट्या. कुंचल्यावर टॅप करा.

लगेच फोटो पुन्हा मूळ रूपात दिसू लागेल. घाबरू नका, बदल गेलेला नाही. तो झाकून ठेवला आहे, आणि आता तुम्ही जिथे बोट फिरवाल तिथेच तो उघडा पडेल. मास्क म्हणजे एवढंच. खाली बदलाच्या नावाशेजारी 100 आकडा आणि दोन बाण दिसतात. बाण दाबले की तो 75, 50, 25 आणि 0 असा उतरतो. 100 म्हणजे बदल पूर्ण लागू, 50 म्हणजे निम्मा, 0 म्हणजे खोडरबर. शेजारी डोळ्याचं चिन्ह आहे. ते चालू केलं की रंगवलेला भाग लाल दिसतो.

कुंचला कुठे किती

कुंचल्याची जाडी बदलायचं बटण तुम्ही शोधाल. त्याची गरज नाही. स्क्रीनवर कुंचला तेवढाच राहतो, फोटो मोठा केला की फोटोच्या मानाने तो बारीक होतो. गालासाठी चेहरा स्क्रीनभर येईल इतका मोठा करा, कानासाठी आणि केसांच्या कडेसाठी त्याहून मोठा करा. फोटो दोन बोटांनी सरकवा. एका बोटाने सरकवायला गेलात तर तिथे कुंचला लागेल.

मी माझ्या पहिल्या प्रयत्नात फक्त चेहऱ्याचा अंडाकार रंगवला होता, हनुवटीपर्यंत बरोबर आणून थांबवला होता. आईचा चेहरा उजळ, गळा काळा. मुखवटा लावल्यासारखं दिसत होतं. "फक्त चेहरा" याचा अर्थ असा होत नाही. उजेड हनुवटीपाशी येऊन थांबत नाही. समोरून थोडा प्रकाश आला असता तर तो गळ्यावर, कानांवर, पदराच्या वरच्या भागावर आणि कठड्यावरच्या हातावरही पडला असता, फक्त उतरत्या प्रमाणात. मास्कही तसाच उतरता हवा. पार्श्वभूमी म्हणजे आभाळ, डोंगर, पाणी आणि मागे फिरणारी माणसं. माणसाचं शरीर पार्श्वभूमीत येत नाही.

म्हणून आईच्या चेहऱ्याच्या मध्यावर, म्हणजे कपाळ, गाल, नाक, हनुवटी यांवर 100 ने फिरवलं. कान आणि गळ्यावर 75. कठड्यावरच्या हातावर 50, कारण तो चेहऱ्यापासून लांब होता. पण तो काळा ठेवला असता तर चेहरा आणि हात दोन वेगळ्या माणसांचे वाटले असते. खांद्यावरच्या पदरावर 25, आणि कपाळालगतच्या केसांच्या मुळांवरही 25. त्याच्या वरचे केस सोडून दिले.

केसांची बाहेरची कड मात्र मुळीच रंगवू नका. मागून ऊन असलं की केसांच्या टोकांवर सोनेरी रेघ उमटते. आईच्या पांढऱ्या बटांवर ती फार सुरेख आली होती. ती आधीच उजळ असते. तिच्यावर कुंचला गेला की ती पांढरी फटक पडते आणि शेजारच्या आभाळातही उजेड सांडतो.

चष्म्याला वेगळा वेळ द्या. काचेत समोरच्या आभाळाचं प्रतिबिंब असतं, ते चेहऱ्यापेक्षा आधीच उजळ असतं. 100 ने उजळवलं तर डोळ्यांऐवजी दोन पांढरे चकत्यांसारखे डाग दिसतात. मी काचांवर आधी 0 फिरवून रंग खोडला आणि मग डोळे दिसतील इतपत 50 दिला. सोनेरी काड्याही 50 वर ठेवल्या. मंगळसूत्राच्या वाट्या आणि कानातल्या कुड्या यांना हात लावला नाही, कारण सोनं चमकायला लागलं की नजर चेहऱ्यावरून तिकडे जाते.

कड कशी तपासायची

आता डोळ्याचं चिन्ह चालू करा आणि लाल भाग पाहा. दोन चुका हमखास सापडतील, आणि त्या एकमेकींच्या उलट आहेत.

पहिली चूक, लाल रंग चेहऱ्याबाहेर आभाळावर सांडलेला असतो. तयार फोटोत त्याचं चेहऱ्याभोवती उजेडाचं वलय होतं. देवांच्या जुन्या चित्रांत डोक्यामागे तेजोवलय काढतात तसं. हे वलय गालाशेजारी गडद काहीतरी असेल तिथे सगळ्यात जास्त उठून दिसतं. आईच्या फोटोत डाव्या गालामागे डोंगराचा काळपट उतार होता, तिथेच ते पहिल्यांदा दिसलं. उपाय सोपा आहे. फोटो भरपूर मोठा करा, आकडा 0 वर आणा आणि बाहेरच्या बाजूने कडेकडेने बोट फिरवा. बोट आभाळावर राहू द्या, चेहऱ्यावर येऊ देऊ नका. या कुंचल्याची कड मऊ आहे, त्यामुळे आतल्या बाजूची रेघ आपोआप विरते.

दुसरी चूक या दुरुस्तीतूनच होते. खोडताना बोट आत गेलं की गालाच्या कडेला रंगवायची राहून गेलेली काळी पट्टी उरते, पेन्सिलने बाह्यरेषा काढल्यासारखी. मग तिथे 50 ने एकदाच फिरवा. 100 ने फिरवलं तर पुन्हा वलय. मला डाव्या गालावर हे तीनदा मागे-पुढे करावं लागलं. एवढा वेळ लागतोच. कड चाकूने कापल्यासारखी धारदार करण्याचा हट्ट धरू नका. खऱ्या फोटोतही गालाची कड थोडी विरलेली असते.

आणि ही सगळी खटपट जिथे आभाळ उजळ आहे तिथे फार करू नका. केशरी उजेडाशेजारी मास्क किंचित बाहेर गेला तरी कळत नाही. डोंगर, झाडं, गडद कपडे यांच्याशेजारीच डोळ्यात तेल घाला.

कड मनासारखी झाली की बरोबरच्या खुणेवर टॅप करा.

आता खरा आकडा ठरवायचा

View edits मध्ये पुन्हा Tune Image वर टॅप करा, पण या वेळी कुंचल्याऐवजी सरकपट्ट्यांचं चिन्ह घ्या. रंगवलेला मास्क तसाच राहतो, फक्त बदलाचं प्रमाण पुन्हा ठरवता येतं. एवढ्यासाठीच मी ही पद्धत बाकीच्या सगळ्यांपेक्षा पसंत करते. रंगवण्याची मेहनत एकदाच, आणि आकडा वाटेल तितक्या वेळा बदला.

Brightness +70 वरून हळूहळू खाली आणा. किती खाली? माझं माप असं आहे की मागचं आभाळ चेहऱ्यापेक्षा उजळच राहिलं पाहिजे. सूर्य मागे आहे हे पाहणाऱ्याला आभाळ पाहून कळतं. तरी चेहरा आभाळाइतकाच उजळ दिसला तर मनाला ते पटत नाही, आणि चेहरा दुसरीकडून कापून चिकटवल्यासारखा वाटतो. आईच्या फोटोत मी +28 वर थांबले. तुमचा आकडा वेगळा असेल, पण +40 च्या पुढे जावंसं वाटत असेल तर फोटो बहुधा वाचवण्याच्या पलीकडचा आहे, किंवा तुम्ही उजेडाऐवजी रंग बदलायला लागला आहात.

याबद्दल मला स्पष्ट बोलायचं आहे. आपल्याकडे चेहरा उजळवणं आणि माणसाला गोरं करणं यांची सरमिसळ सहज होते. लग्नाच्या अल्बमांमध्ये ती कायम दिसते. आईचा रंग सावळा आहे. मला तिच्या चेहऱ्यावरचा अंधार काढायचा होता, तिचा रंग नाही. हे तपासायला त्याच माणसाचा, दिवसा सावलीत काढलेला एखादा चांगला फोटो शेजारी उघडून ठेवा. घराच्या गॅलरीत सकाळी काढलेला चालेल, थेट उन्हातला नको. दोन्ही फोटोंमध्ये गालाचा रंग एकाच माणसाचा वाटतो का? नसेल वाटत तर खाली या.

Brightness नंतर Shadows ला थोडं हलवा. ते फक्त गडद भाग उचलतं, म्हणून डोळ्यांच्या खोबणी आणि नाकाखालची सावली मोकळी होते. मी +20 दिलं. जास्त दिलं की चेहऱ्याचा उठाव जातो, नाक आणि गाल एकाच पातळीवर आल्यासारखे सपाट दिसतात. तसं झालं तर Shadows मागे घ्या. त्याच्या जोडीला Contrast +5 इतकं दिलंत तरी पुरे. Ambiance ला हात लावू नका. त्यामुळे उजळ आणि गडद भाग जिथे भेटतात तिथे वलय उमटतं, आणि आत्ताच तर आपण ते खोडलं आहे.

एवढं करूनही आईचा चेहरा राखाडी, आजारी माणसासारखा दिसत होता. यामागचं कारण कळायला मला वेळ लागला. तिच्या चेहऱ्यावर सूर्याचा केशरी उजेड नव्हताच, तो पाठीवर होता. चेहऱ्यावर जो काही थोडा प्रकाश होता तो समोरच्या, म्हणजे पूर्वेच्या निळ्या आभाळाचा. चेहरा अंधारात होता तोवर हा निळेपणा कळत नव्हता. उजळवला आणि तो वर आला. म्हणून Warmth +12 दिलं, आणि कातडी जिवंत झाली. मास्क असल्यामुळे ही ऊब फक्त चेहरा, गळा आणि हातावर आली, तलावाचं पाणी होतं तसंच राहिलं. Warmth फार वाढवलं की कातडी हळद लावल्यासारखी पिवळी पडते. ते आधी डोळ्यांच्या पांढऱ्या भागात दिसतं, म्हणून तिथे पाहत राहा. डोळे पिवळट झाले की दोन-तीन अंक मागे.

उरलेले कण

मोठं करून पाहिलं तर उजळवलेल्या गालावर बारीक कण दिसतातच. ते कमी करायला TOOLS मधलं Selective घ्या. गालावर टॅप करा, तिथे एक बिंदू बसतो. दोन बोटं जवळ-लांब करून त्याचा घेर ठरवा. बोटं टेकलेली असताना घेरातला जो भाग बदलणार आहे तो लाल दिसतो. बोट वर-खाली सरकवून Structure निवडा आणि -15 च्या आसपास न्या. कण मऊ होतात. त्यापुढे गेलात तर गाल मेणाचा दिसतो आणि सुरकुत्या पुसल्या जातात. आईच्या डोळ्यांकडेच्या सुरकुत्यांतच तिचं हसू होतं, म्हणून मी बिंदू फक्त गालाच्या मध्यावर ठेवला, डोळ्यांजवळ नेला नाही.

Selective चं नाव आलंच आहे तर सांगते, घाई असेल तेव्हा चेहरा उजळवण्याचं सगळं कामही त्याने करता येतं. तलावपाळीला बोटीत बसलेल्या सहा-सात जणांचा फोटो असेल आणि प्रत्येक चेहरा नखाएवढा असेल, तर प्रत्येकावर कुंचला फिरवत बसण्यात अर्थ नाही. गालावर बिंदू ठेवा, घेर चेहऱ्याएवढा करा, Brightness +20 किंवा +25. ते वापरताना त्याचं वागणं लक्षात ठेवा. बिंदूखाली जो रंग आहे त्याच्याशी मिळताजुळता रंग ते घेरात शोधतं आणि तेवढाच बदलतं. म्हणून बिंदू चष्म्यावर, कुंकवावर किंवा मिशीवर पडला तर भलतंच काही उजळतं. त्याच कारणाने मागे विटांची भिंत किंवा लाकडी बाक असेल तर तोही चेहऱ्याबरोबर उजळतो, कारण त्याचा रंग कातडीच्या जवळ जातो. अशा वेळी त्या भिंतीवर दुसरा बिंदू ठेवायचा आणि त्याचा Brightness 0 वरच सोडायचा. तो बिंदू भिंतीला जागेवर धरून ठेवतो. एका मोठ्या चेहऱ्यासाठी मात्र मी कुंचलाच घेते. गोल घेरात गळा, कान आणि हात यांचं उतरतं प्रमाण बसवता येत नाही.

लाइटरूमसारख्या अ‍ॅपमध्ये माणूस ओळखून आपोआप मास्क करण्याची सोय आहे, पण फोनवर मास्कचं बरंचसं काम पैसे भरल्यावरच मिळतं. ते वापरत असाल तरी आपोआप झालेल्या मास्कवर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. नुसता चेहरा निवडला तर गळ्याचा प्रश्न तिथेही तसाच येतो, आणि केसांच्या सोनेरी कडेवर मास्क सांडला आहे का ते तिथेही बघावंच लागतं.

शेवटची नजर आणि फोटो पाठवणं

फोटोवर बोट दाबून धरलं की मूळ फोटो दिसतो, सोडलं की नवा. असं चार-पाच वेळा करा आणि चेहऱ्याकडे न पाहता मागे पाहा. आभाळ, डोंगर, पाणी यातलं काहीही किंचितसुद्धा हललं तर कुठेतरी मास्क सांडला आहे. मग फोटो गॅलरीत बाकीच्या फोटोंच्या मध्ये, बोटाच्या पेराएवढा लहान पाहा. मोठ्या आकारात वलय लपतं, लहान आकारात ते चटकन उठतं. जमलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा एकदा बघा. रात्री एकच चेहरा अर्धा तास पाहिल्यावर डोळ्यांना उजेडाची सवय झालेली असते आणि आपण नकळत जास्त उजळवतो. मी सकाळी पाहून +28 चं +24 केलं, आणि तेच शेवटी ठेवलं. तोवर मी फोटो बाहेर काढला नव्हता, अ‍ॅपमध्ये उघडा ठेवला होता. एकदा साधी प्रत काढून तीच पुन्हा उघडली असती तर मास्क हाताशी राहिला नसता, सगळं रंगवणं पहिल्यापासून आलं असतं.

EXPORT मधून फोटो काढताना नवी प्रत होईल असाच पर्याय घ्या आणि मूळ फोटो पुसू नका. उद्या मास्कची एखादी चूक सापडली तर त्याच मुळावर पुन्हा काम करता येतं. तयार प्रतीवर पुन्हा उजळवायला गेलात तर एकदा ताणलेल्या त्या थोड्या पायऱ्या आणखी ताणल्या जातात.

व्हॉट्सअ‍ॅपवर साधा पाठवला तर फोटो दाबून लहान केला जातो, आणि त्याचा पहिला फटका उजळवलेल्या सावल्यांना बसतो. गालावर बारीक चौकोन दिसू लागतात. HD हा पर्याय निवडला तर तो कमी दाबला जातो, आणि डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर होता तसा पोचतो. छापायचा असेल तर दुकानात हीच डॉक्युमेंटवाली प्रत द्या आणि आधी एकच लहान प्रिंट काढून घ्या. कागद स्क्रीनसारखा आतून उजळत नाही, त्यामुळे चेहरा तिथे थोडा गडद येतो. आईच्या प्रिंटसाठी मी मास्क तसाच ठेवून Brightness +24 वरून +30 वर नेलं आणि त्याची वेगळी प्रत काढली. ती आता नौपाड्यातल्या घरी टीव्हीच्या वरच्या फळीवर आहे.